‘केसरी १८८१’ म्हणजे नेमका कुठला अंक?

*इतिहासात पीएचडी करतेय. विषय पुण्याचा पाणीपुरवठा, पेशवाईपासून १८८५पर्यंत. पाच प्रकरणं लिहून झाली. पहिल्या तीन प्रकरणांत कंसात लेखक आणि वर्ष दिलंय, शेवटच्या दोन प्रकरणांत तळटीपा आहेत, कारण ती दोन आधी वेगवेगळ्या नियतकालिकांत छापून आली. सर म्हणतात, ‘काहीही चालेल, पण एकच ठेवा.’ विद्यापीठाच्या नियमावलीतही दोन्ही चालतात. संदर्भसूची तीनशेच्या वर गेलीय आणि एकटे राजवाडेच तिच्यात चार तऱ्हांनी आलेत. तीन महिने उरलेत. कुठली पद्धत घेऊ आणि हा गुंता कसा सोडवू?*
*– एक संशोधक, सातारा*

ताई, तळटीपा घ्या. तुमच्या विषयाचं नाव वाचतानाच मी हे ठरवलं होतं, पण कारण सांगतो. सर उद्या ‘का?’ म्हणाले तर तुमच्याजवळ उत्तर हवं.

लेखक-वर्ष पद्धत एका गृहीतावर उभी आहे. प्रत्येक संदर्भाला एक लेखक असतो, एक साल असतं आणि ते साल वाचकाला काहीतरी सांगतं. ही पद्धत प्राणिशास्त्रातून आली. हार्वर्डच्या ई. एल. मार्क यांनी १८८१ साली गोगलगायीवरच्या एका लेखात ती पहिल्यांदा वापरली असं मानतात. विज्ञानात ती छान चालते, कारण तिथे एखादा शोध २०१९चा की १९८९चा हे वाक्य वाचतानाच कळायला हवं असतं. समाजशास्त्रात, अर्थशास्त्रात, भाषाविज्ञानातही चालते. ‘पुण्यातले आजचे टँकर’ असा तुमचा विषय असता आणि संदर्भ बहुतेक अलीकडचे लेख-अहवाल असते, तर मीच म्हटलं असतं की कंस घ्या, तळटीपांच्या फंदात पडू नका.

तुमची साधनं मात्र या गृहीतात बसत नाहीत. योगायोग बघा, त्याच १८८१ सालच्या ४ जानेवारीला केसरीचा पहिला अंक निघाला. कंसात ‘(केसरी १८८१)’ असं लिहिलंत तर वाचकाला काय कळलं? साप्ताहिकाचे वर्षाला पन्नासेक अंक होतात, त्यातला कुठला? मग तारीख घालणार, पान घालणार, मथळा घालणार, आणि वाक्याच्या मध्यभागी कंसातच अर्धी ओळ जाणार. लेखक कोण? बहुतेक मजकुरावर नाव नसतं. ‘अनामिक १८८१’ लिहिलंत तर सूचीत अनामिकांची रांग लागेल.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले ४५ खंड १९३० ते १९३४ या पाच वर्षांत निघाले. म्हणजे वर्षाला सरासरी नऊ. लेखक-वर्ष पद्धतीत एकाच वर्षाची अनेक पुस्तकं आली की सालापुढे अक्षर जोडतात. मग ‘सरदेसाई १९३१अ’, ‘१९३१ब’ करत तुम्ही निम्म्या वर्णमालेला हात घालणार. त्यात पुढचा प्रश्न असा की ‘अ’नंतर ‘आ’ की ‘ब’? मी पाहिलेल्या एका प्रबंधात पहिल्या भागात अ-आ-इ होतं आणि दुसऱ्यात अ-ब-क. मधेच एक खंड नव्याने वापरात आला की पुढची सगळी अक्षरं सरकतात, आणि मजकुरातला प्रत्येक कंस पुन्हा तपासावा लागतो. एवढं करून वाचकाला दिसणार काय, तर ‘१९३१’. कागद असतो अठराव्या शतकातला! नानासाहेबांच्या काळातल्या पत्राला विसाव्या शतकाचं साल चिकटलेलं पाहून परीक्षक नक्कीच अडखळेल.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. तुमच्या सगळ्यात कागदपत्री प्रकरणातले लागोपाठचे चाळीस संदर्भ घ्या. ज्यांना नाव असलेला लेखक आणि अर्थपूर्ण साल आहे त्यांच्यापुढे बरोबरची खूण करा. रुमाल, वृत्तपत्र, सरकारी ठराव, संपादित साधनग्रंथ, जुन्या पुस्तकाचं पुनर्मुद्रण यांच्यापुढे फुली मारा. एखाद-दुसरीच फुली असेल तर मी चुकलो. चाळिसांत पंधरा फुल्या निघाल्या तरी तळटीपाच घ्या.

काही मार्गदर्शक मधला रस्ता सुचवतात, म्हणजे पुस्तकांना कंस आणि अभिलेखागारातल्या कागदांना तळटीप. हे चुकीचं नाही, काही शैलीग्रंथ याला परवानगीही देतात. पण दोन पद्धती म्हणजे दोन ठिकाणी चुकायची सोय. तीन महिने हातात असलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

आता तळटीपांची जी खोड आहे तीही सांगतो, कारण मी स्वतः तिच्यात पडलोय. माझ्या प्रबंधात ‘तत्रैव’ शंभरेक ठिकाणी होतं. शेवटच्या आठवड्यात एका प्रकरणात मी एक परिच्छेद मधे घुसवला, त्याला एक नवी तळटीप आली, आणि तिच्या खालचे तीन ‘तत्रैव’ गुपचूप भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागले. पान क्रमांक १९४, आणि नवं पुस्तक होतं सगळं मिळून १२० पानांचं. बहिःस्थ परीक्षकांनी तोंडी परीक्षेत अगदी सौम्यपणे विचारलं, ‘हे १९४वं पान मला दाखवता का?’

तेव्हा ‘तत्रैव’, ‘कित्ता’, ‘पूर्वोक्त’, ‘उपरोक्त’ सगळं काढून टाका. शिकागो शैलीनेही २०१७च्या सतराव्या आवृत्तीपासून ‘तत्रैव’च्या लॅटिन भावंडाऐवजी संक्षिप्त रूपाला पसंती दिली आहे. पहिल्या वेळी पूर्ण तपशील द्यायचा आणि नंतर प्रत्येक वेळी आडनाव, छोटं शीर्षक, खंड आणि जागा. असं :

पहिल्यांदा – वि. का. राजवाडे (संपा.), मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें, खंड १, १८९८, लेखांक २१.

नंतर – राजवाडे, साधनें, खं. १, ले. २१.

(२१ हा आकडा नमुन्याचा आहे, तो शोधायला जाऊ नका.) अशी टीप कुठेही उचलून ठेवली तरी ती खोटी पडत नाही. प्रत्येक प्रकरणात पहिला उल्लेख पुन्हा पूर्ण द्या. परीक्षक प्रबंध पहिल्या पानापासून वाचतात अशी समजूत असेल तर ती सोडा. ते आधी निष्कर्ष वाचतात, मग त्यांच्या आवडीचं प्रकरण.

वर मी पान दिलं नाही, लेखांक दिला, हे तुमच्या लक्षात आलं असेल. साधनग्रंथात प्रत्येक पत्राला क्रमांक असतो. पुनर्मुद्रणात पानं बदलतात, क्रमांक सहसा टिकतो. तुम्ही साताऱ्यात बसून पुनर्मुद्रण पाहिलं आणि परीक्षकांच्या कपाटात मूळ आवृत्ती असली, तरी लेखांकावरून दोघं एकाच पत्रापाशी पोचता. गॅझेटियरचं मात्र तसं नाही, तिथे पानच द्यावं लागतं. म्हणून पुण्याचं गॅझेटियर, म्हणजे बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचा अठरावा खंड, १८८५चा पाहिलाय की नंतर सरकारने पुन्हा छापलेला, हे स्पष्ट लिहा. तो खंड तीन भागांत आहे, त्यामुळे भाग न सांगता नुसतं ‘खंड १८, पृ. अमुक’ लिहिलं तर वाचकाला तीन पुस्तकं उघडावी लागतात. तुमच्या विषयाला हा ग्रंथ वारंवार लागणार, तेव्हा त्याचं संक्षिप्त रूप आजच ठरवा : ‘पुणे गॅझे., भा. ३, पृ. …’.

पुणे अभिलेखागारातल्या कागदांचा क्रम मोठ्याकडून छोट्याकडे ठेवा किंवा छोट्याकडून मोठ्याकडे, पण एकच. मला छोट्याकडून मोठ्याकडे आवडतं : कोणी कोणाला लिहिलं, तारीख, रुमाल क्रमांक, दप्तराचं नाव, अभिलेखागार. वाचकाला आधी कागद कळतो, मग तो ठेवलाय कुठे ते. संदर्भसूचीत मात्र उलटं करा. तिथे प्रत्येक पत्र मांडायचं नसतं. अभिलेखागाराचं नाव, त्याखाली दप्तर, त्याखाली वापरलेले रुमाल, एवढं पुरे. तुमच्या तीनशेतल्या कितीतरी नोंदी सुटी पत्रं असणार असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर सूची एका दुपारीत बरीच आखडेल.

आता राजवाड्यांकडे येऊ.

सूची वर्डमध्ये दुरुस्त करत बसू नका. तीनशे नोंदी ओळीने वाचताना डोळा विसाव्या नोंदीनंतर काहीच पाहत नाही. एक्सेलची एक शीट उघडा आणि प्रत्येक नोंद तोडून रकान्यांत भरा : आडनाव, नाव, शीर्षक, खंड, संपादक-अनुवादक, प्रकाशक, ठिकाण, साल, मूळ साल, आणि शेवटी तुम्ही ठरवलेलं संक्षिप्त रूप. कंटाळवाणं काम आहे, पाच-सहा दिवस जातील. पण भरून झाल्यावर एकेका रकान्यावर क्रम लावत जा. आडनावावर लावलात की ‘राजवाडे | वि. का.’, ‘राजवाडे | वि.का.’, ‘राजवाडे | विश्वनाथ काशीनाथ’ आणि ‘वि. का. राजवाडे | (रिकामं)’ हे चौघे उघडे पडतात. प्रकाशकावर लावलात की ‘कॉन्टिनेन्टल’, ‘कॉन्टिनेंटल’ आणि ‘कॉंटिनेंटल’ शेजारी-शेजारी येतात. सालावर लावलात की रिकाम्या खोक्यांचा गठ्ठा एकत्र दिसतो, आणि ग्रंथालयात परत जाऊन काय पाहायचं त्याची यादी आयती मिळते.

एका बसणीत एकच रकाना घ्या. नावं तपासताना साल चुकलेलं दिसलं तरी हात लावू नका, पिवळा रंग देऊन पुढे जा. दोन गोष्टी एकदम करायला गेलं की दोन्ही अर्ध्या होतात.

नावाचा नियम असा ठेवा : सूचीत आडनाव आधी, मग आद्याक्षरं, दोन आद्याक्षरांमध्ये जागा. डॉ., प्रा., रावबहादूर, रियासतकार, इतिहासाचार्य सगळे गाळा. आदर आहे तो प्रस्तावनेत दाखवा. लेखिकेने लग्नाआधी एका आडनावाने आणि नंतर दुसऱ्या आडनावाने लिहिलं असेल, तर मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जे छापलंय तेच ठेवा आणि दुसऱ्या नावाकडून ‘पाहा’ असं बोट दाखवा.

शीर्षकांत मराठीची एक खास अडचण आहे, ती इंग्रजी शैलीग्रंथांत सापडणार नाही. राजवाड्यांच्या ग्रंथाचं नाव जुन्या लेखनाप्रमाणे ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ असं आहे, अनुस्वारांसकट. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे नंतरच्या पुस्तकांत आणि ग्रंथालयांच्या याद्यांत तुम्हाला ‘इतिहासाची साधने’ दिसेल. तुमच्या सूचीत दोन्ही असणार. संगणक त्यांना दोन वेगळी पुस्तकं समजतो आणि एक रूप शोधलं की दुसरं सापडत नाही. माझं मत : शीर्षक ग्रंथावर आहे तसंच ठेवावं, कारण ते त्या ग्रंथाचं नाव आहे, तुमचं वाक्य नव्हे. तुमच्या सरांचं मत आधुनिक लेखनाचं असेल तर तेही चालेल, फक्त मग सगळ्याच जुन्या ग्रंथांचे अनुस्वार काढा आणि प्रबंधाच्या सुरुवातीला एका ओळीत तसं सांगा.

याहून छुपा शत्रू म्हणजे ‘ॲ’. हे अक्षर एकसंधही टंकता येतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एका कळफलकावर टंकलेले ‘ॲन्युअल रिपोर्ट’ आणि दुसऱ्यावर टंकलेले ‘ॲन्युअल रिपोर्ट’ मग सूचीत वेगवेगळ्या जागी जाऊन बसतात, आणि तुम्ही तासभर चष्मा पुसत राहता. ओळखायची युक्ती सोपी आहे. एक अक्षर निवडून कॉपी करा, शोधाच्या चौकटीत चिकटवा, आणि किती सापडतात ते मोजा. डोळ्यांना दिसतात त्याहून कमी सापडले तर दोन रूपं आहेत. सगळी एकाच रूपात बदलून घ्या. आकड्यांचंही तसंच, ‘१८९८’ आणि इंग्रजी आकड्यांतलं तेच साल एका रकान्यात नकोत.

क्रम लावून झाला की शेवटचं पान हाताने तपासा. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात, पण क्षीरसागरांना संगणक ‘क’मध्ये नेऊन बसवू शकतो. कुठलाही क्रम घ्या, फक्त सगळ्यांना एकच लावा.

सालाच्या रकान्यात शके लिहिलेली पुस्तकं निघतीलच. त्यात ७८ मिळवलं की इसवी सन येतो, पण शकवर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या महिन्यांना ७९ मिळवावे लागतात. शके १८२० म्हणजे १८९८ किंवा १८९९. पुस्तकावर महिना नसेल तर ‘शके १८२० (१८९८-९९)’ असं दोन्ही ठेवा. मनाने एक साल निवडू नका.

Zotero वापरू का, असा प्रश्न मनात असेल. आधीपासून वापरत असाल तर उत्तमच. शैली बदलली की कंसांच्या तळटीपा आपोआप होतील, पण त्यातूनच घातलेल्या संदर्भांच्या. हाताने टंकलेले कंस जागेवरच राहतील आणि नेमके तेच नजरेतून सुटतात. एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी असतील तर एक पुसू नका, Merge करा, नाहीतर मजकुरातला दुवा तुटतो. दुरुस्ती नेहमी Zotero मध्ये करा, वर्डमधल्या सूचीत केलेली पुढच्या ताज्या फेरीत पुसली जाते. पण आजवर वापरलं नसेल तर या तीन महिन्यांत सुरुवात करू नका. मराठी मजकुरात ‘संपा.’च्या जागी इंग्रजी संक्षेप येऊन बसले की ते निस्तरण्यात पंधरवडा जाईल. एक्सेलची शीट तुम्हाला पुरेल.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी शीट पूर्ण करा, मगच पहिल्या तीन प्रकरणांतले कंस मोडायला घ्या. कंस मोडताना प्रत्येक तळटीप स्मरणातून न टंकता शीटमधून चिकटवा. वर्डमध्ये Ctrl+Alt+F दाबलं की तळटीप उघडते. छापून आलेल्या दोन प्रकरणांच्या तळटीपा ‘तयार’ आहेत म्हणून सोडू नका. त्या दोन वेगवेगळ्या संपादकांच्या शैलीत आहेत, माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त विसंगती छापील प्रकरणांतूनच येते.

मजकुराबरोबर सूचीचं रूपही बदलतं, हे विसरू नका. लेखक-वर्ष पद्धतीत एकच सलग सूची लागते, कारण वाचक कंसातलं नाव घेऊन तिच्यात येतो. तळटीपांत पूर्ण तपशील खालीच मिळतो, म्हणून सूचीचे भाग पाडता येतात : अप्रकाशित साधनं, वृत्तपत्रं, प्रकाशित साधनं, मराठी ग्रंथ आणि लेख, इंग्रजी ग्रंथ आणि लेख. याहून बारीक भाग पाडू नका. ‘दुर्मीळ ग्रंथ’, ‘संकीर्ण’ असले विभाग केले की एकच पुस्तक दोन ठिकाणी उगवतं. सालही आता कंसातून निघून नोंदीच्या शेवटी, प्रकाशकानंतर जाईल. शीटमधून सूची तयार करताना तो रकाना हलवायला विसरलात तर निम्म्या नोंदींत साल लेखकाच्या मागे लटकलेलं राहील.

सगळं झाल्यावर एका तळटीपेत कर्सर ठेवून Ctrl+A दाबा. फक्त तळटीपा निवडल्या जातील. त्या कॉपी करून नव्या फाइलमध्ये चिकटवा आणि मजकुराशिवाय, नुसत्या टीपा सलग वाचा. ‘पृ’पुढे टिंब आहे-नाही, स्वल्पविराम की अपूर्णविराम, हे मजकुरात दिसत नाही ते इथे ढळढळीत दिसतं. मग शीटमधल्या प्रत्येक नोंदीचं संक्षिप्त रूप या फाइलमध्ये शोधा, ते नसेल तर पूर्ण शीर्षकही शोधा, कारण एकदाच आलेल्या पुस्तकाची फक्त पूर्ण टीप असते. जे एकदाही सापडलं नाही ते पुस्तक तुम्ही वाचलंय पण वापरलेलं नाही, त्याला सूचीतून काढा. मोह होतो, पण काढा. शेवटी उलट बाजूने, फाइलमधलं जे रूप शीटमध्ये नाही ते भरा.

आणि प्रत बांधायला देण्याआधी एखाद्या मैत्रिणीला दहा तळटीपा डोळे मिटून निवडायला सांगा. तिने त्यातलं प्रत्येक पान, लेखांक किंवा अंक तुमच्या टिपणांत आणि छायाप्रतींत तुमची मदत न घेता शोधायचा. दहापैकी दोन जरी अडले, तरी त्या दोन्ही टीपा ज्या प्रकरणांतल्या आहेत ती प्रकरणं पुन्हा सुरुवातीपासून तपासायला घ्या.